टँकरचा मध्यक आणि एक हिस्टोग्रॅम: ६३ ते ९५ की ५१ ते १२१?

नगर रस्त्याच्या बाजूची, उन्हाळ्यात टँकरवर चालणारी एक सोसायटी. टँकरवाल्याचं म्हणणं, "फोन केला की तासाभरात गाडी गेटवर." सोसायटीच्या खजिनदारांना ते पटत नव्हतं. वॉचमनच्या वहीत फोन केल्याची आणि गाडी आत आल्याची वेळ लिहिलेली होती, म्हणून त्यांनी १५ नोंदी काढल्या आणि त्याच इमारतीत राहणाऱ्या, संख्याशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या मुलीकडे दिल्या. प्रश्न सरळ होता: मध्यक ६० मिनिटांच्या वर आहे, असं ठामपणे म्हणता येतं का?

(सोसायटी आणि तिचे आकडे या अभ्यासासाठी रचलेले आहेत. मात्र पुढची सगळी संभाव्यता याच आकड्यांवरून काढलेली आहे आणि कोणालाही पडताळून पाहता येईल.)

चढत्या क्रमाने लावलेल्या १५ वेळा, मिनिटांत:

३८, ४२, ४७, ५१, ६३, ६६, ७०, ७४, ७९, ८८, ९५, १२१, १२६, १५०, ३१०

सरासरी येते ९४.७, मध्यक म्हणजे मधला, आठवा आकडा ७४. सरासरीला वर ओढणारा आकडा ३१०, त्या दिवशी गाडी वाटेत बंद पडली होती. अशा एका दिवसापायी नेहमीचा उशीर फुगवून सांगायचा नाही, म्हणून मध्यक घेतला. इथवर सगळं ठीक होतं.

फोटोत काय होतं

मुलीने बूटस्ट्रॅप केलं. ब्रॅडली एफ्रॉन यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही पद्धत आता लॅपटॉपवर क्षणात चालते. १५ चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, एक काढायची, आकडा लिहायचा, चिठ्ठी परत आत टाकायची. असं १५ वेळा केलं की एक फेरनमुना तयार होतो. त्यात काही आकडे दोनतीनदा येतात, काही येतच नाहीत. त्या फेरनमुन्याचा मध्यक लिहून ठेवायचा. तिने असे १००० फेरनमुने काढले आणि त्यांच्या १००० मध्यकांचा हिस्टोग्रॅम स्क्रीनवर आणला. खजिनदारांनी मोबाइलवर त्याचा फोटो घेतला, मधला डोंगर नीट दिसावा म्हणून कडा कापल्या आणि कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: "९५ टक्के टँकर ६० ते १०० मिनिटांत येतात. तासाभराचा दावा खोटा."

या दोन वाक्यांत तीन चुका आहेत. त्यातल्या दोन फोटो वाचण्याच्या आहेत. तिसरी इतकी खोल आहे की ती त्या मुलीच्याही लगेच लक्षात आली नाही.

पहिली चूक सर्रास होते. हा हिस्टोग्रॅम टँकरच्या वेळांचा नाही, मध्यकांचा आहे. त्यातली एक मोजणी म्हणजे एक गाडी नव्हे, १५ गाड्यांच्या एका फेरनमुन्याचा मधला आकडा. ६० ते १०० या पट्ट्यात मूळ १५ पैकी किती गाड्या आल्या ते वहीत मोजा: सात. निम्म्याही नाहीत. ९५ टक्के तर फार दूर. शंका आली तर ३१० शोधायचा. वहीत तो आहे, हिस्टोग्रॅममध्ये नाही. फेरनमुन्याचा मध्यक ३१० यायचा तर १५ पैकी किमान ८ वेळा तीच एक चिठ्ठी हाती लागायला हवी, आणि तसं दहा लाख फेरनमुन्यांत एखाद-दोनदाच होईल. मूळ माहितीतला सगळ्यात लांबचा आकडा चित्रात कुठेच नसेल, तर ते चित्र मूळ माहितीचं नाही.

खांबाची कड म्हणजे आकडा नव्हे

दुसरी चूक "६० ते १००" या आकड्यांत आहे. हे आकडे आले कुठून ते कळायला हिस्टोग्रॅमच्या आत काय होतं ते पाहू. मध्यकांची खरी मोजणी अशी होती:

| मध्यक | किती वेळा | एकूण |
|---|---|---|
| ४७ | ५ | ५ |
| ५१ | १८ | २३ |
| ६३ | ६५ | ८८ |
| ६६ | १२२ | २१० |
| ७० | १८६ | ३९६ |
| ७४ | २०९ | ६०५ |
| ७९ | १८० | ७८५ |
| ८८ | १२७ | ९१२ |
| ९५ | ६५ | ९७७ |
| १२१ | २० | ९९७ |
| १२६ | ३ | १००० |

हजार मध्यक, पण वेगळे आकडे फक्त अकरा. नोंदींची संख्या विषम असली की फेरनमुन्याचा मध्यक हा मूळ यादीतलाच कुठला तरी आकडा असतो. ७५ किंवा १०० इथे येऊच शकत नाही. पायथनच्या प्लॉटिंगमध्ये काही सांगितलं नाही, तर सगळ्यात लहान ते सगळ्यात मोठा आकडा या अंतराचे दहा सारखे खांब पडतात. ४७ ते १२६ म्हणजे ७९, तेव्हा प्रत्येक खांब ७.९ मिनिटांचा. त्यामुळे ६३, ६६ आणि ७० हे तिन्ही ६२.८ ते ७०.७ या एकाच खांबात गेले आणि तो खांब ३७३ उंच झाला. डावीकडच्या पहिल्या खांबात ४७ आणि ५१ मिळून २३, दुसरा खांब रिकामा. उजवीकडे ९५ चा खांब १०२.३ ला संपतो, मग दोन रिकामे खांब, आणि शेवटच्यात १२१ व १२६ मिळून पुन्हा २३.

फोटोत खालच्या अक्षावर २०-२० च्या अंतराने आकडे होते. मोठे खांब ६२.८ ला सुरू होतात, डोळ्याला ते "साधारण ६०" वाटतं. ते १०२.३ ला संपतात, ते "साधारण १००". खजिनदारांनी खांबांच्या कडा वाचल्या. त्या कडा माहितीतून आलेल्या नाहीत, दहा खांब पाडायच्या सवयीतून आलेल्या आहेत. खांब आठ केले असते तर डोंगर वेगळ्या जागी सुरू झाला असता आणि ग्रुपवर वेगळे आकडे गेले असते.

पर्सेंटाइल इंटरव्हल वाचायची रीत वेगळी आहे. हजार मध्यक चढत्या क्रमाने रांगेत उभे आहेत असं समजायचं, डावीकडून २५ मोजायचे आणि उजवीकडून २५ मोजायचे. मधले ९५ टक्के म्हणजे पट्टा. तक्त्यात डावीकडून २३ जण ५१ वर संपतात, म्हणून पंचविसावा ६३. उजवीकडून ३ आणि २० मिळून २३, म्हणून तिकडचा पंचविसावा ९५. पट्टा ६३ ते ९५.

ही मोजणी फोटोवरून झाली असती का? स्क्रीनवर सगळ्यात उंच खांब ६ सेंटिमीटर असेल तर २३ चा खांब जेमतेम पावणेचार मिलिमीटर होतो. आपल्याला हवं आहे ते तो २३ आहे की २५ हे, आणि हा फरक आहे ०.३ मिलिमीटरचा. तिरप्या कोनातून काढलेल्या, व्हॉट्सॲपने दाबून बारीक केलेल्या फोटोत ०.३ मिलिमीटर मोजता येत नाही. त्यातून कडा कापताना उजवीकडचा सुटा खांबच फोटोबाहेर गेला होता. बघणाऱ्याला वाटलं, १०० च्या पुढे काहीच नाही.

फोटोच हाती असेल आणि दुसरं काही मिळत नसेल, तर आधी अक्षाची दोन्ही टोकं दिसतात का ते बघावं. मग एकूण मोजणी किती ते शोधावं आणि सगळ्या खांबांच्या उंचीची बेरीज तेवढीच भरते का ते पाहावं. इथे कापलेल्या फोटोत बेरीज ९७७ च्या आसपास अडकली असती आणि काहीतरी हरवलंय हे कळलं असतं. फोटो बाजूने काढलेला असेल तर आडवं अंतर सगळीकडे सारखं राहत नाही. अशा वेळी दोन टोकांना पट्टी लावून मोजू नये, शेजारच्या दोन आकड्यांमध्येच अंदाज करावा. पण खरं सांगायचं तर फोटोऐवजी वरच्यासारखा अकरा ओळींचा तक्ता मागावा. तो मेसेजमध्ये सहज मावतो.

दुसऱ्या दिवशी पट्टा बदलला

मुलीने दुरुस्ती पाठवली: "६० ते १०० नाही, ६३ ते ९५." खजिनदार खूश झाले, कारण ६० तरीही बाहेरच राहत होता. मग तिच्या वर्गमित्राने पडताळणी म्हणून तेच आकडे, तेवढेच फेरनमुने घेऊन कोड पुन्हा चालवला. त्याला डावीकडे ४७ चार वेळा आणि ५१ चोवीस वेळा मिळाले, एकूण २८. उजवीकडे १२१ तेवीस आणि १२६ चार, एकूण २७. म्हणजे पंचविसावा डावीकडून ५१, उजवीकडून १२१. त्याचा पट्टा ५१ ते १२१, आणि ६० मिनिटं त्याच्या आत.

कमिटीत लगेच सुरू झालं: कोणाचा कोड चुकला? कोड दोघांचाही बरोबर होता. हा होता तो असा:

```python
import numpy as np
x = np.array([38,42,47,51,63,66,70,74,79,88,95,121,126,150,310])
rng = np.random.default_rng()
m = np.median(rng.choice(x, size=(1000, 15)), axis=1)
v, c = np.unique(m, return_counts=True)
print(np.column_stack([v, c, c.cumsum()]))
```

चिठ्ठ्या प्रत्येक वेळी वेगळ्या निघतात, म्हणून मोजणीत थोडा फरक पडणारच. पण २३ आणि २८ एवढ्या किरकोळ फरकाने पट्ट्याचं टोक ६३ वरून थेट ५१ वर का जावं? कारण मध्ये काहीच नाही. ५१ आणि ६३ च्या मध्ये उभा राहायला एकही आकडा नाही, तसाच ९५ आणि १२१ च्या मध्येही नाही. पंचविसावा माणूस एक तर या पायरीवर, नाही तर त्या पायरीवर.

आणि इथे तो नेमका दोन पायऱ्यांच्या काठावर उभा आहे. हे संगणकाशिवायही दाखवता येतं. फेरनमुन्याचा मध्यक ५१ किंवा त्याहून कमी यायचा, तर १५ पैकी किमान ८ चिठ्ठ्या सगळ्यात लहान चार आकड्यांतून यायला हव्यात. एका चिठ्ठीची तशी शक्यता १५ पैकी ४. अशा किमान ८ निघण्याची शक्यता द्विपद वितरणाच्या सूत्राने निघते, R मध्ये ती अशी:

```r
pbinom(7, 15, 4/15, lower.tail = FALSE)
# 0.02545
```

२.५४५ टक्के. आपली रेघ २.५ टक्क्यांवर. म्हणजे हजारात सरासरी २५.४५ मध्यक ५१ किंवा खाली पडतात, आणि टोक ५१ यायला २५ लागतात. त्या २५.४५ मध्ये प्रत्येक वेळी पाचएकचा चढउतार असतो. टोक ५१ येणार की ६३ हे जवळजवळ नाणेफेकीवर ठरतं. उजवीकडेही अगदी हेच, कारण वरून चौथा आकडा १२१ आहे. कधी दोन्ही टोकं आतली मिळतील, कधी दोन्ही बाहेरची, कधी एक आतलं आणि एक बाहेरचं.

"मग फेरनमुने वाढव की," असं खजिनदार म्हणाले. बहुतेक वेळा हा सल्ला योग्य असतो, इथे मात्र तो फारसा कामाचा नाही. दहा हजार फेरनमुने घेतले तर २५० लागतात, सरासरी २५४.५ मिळतात आणि चढउतार सोळाएकचा असतो. दर तीन वेळांत एकदा तरी ६३ येईल. एक लाख घेतले तरी पाच-सहा वेळांत एकदा ६३ येतोच. मुलगी त्यांना म्हणाली ते नेमकं होतं: "काका, लाख चिठ्ठ्या काढल्या तरी डब्यात आकडे पंधराच आहेत ना."

याहून फसवी गोष्ट एक आहे. समजा एखाद्या वेळी ५१ पर्यंतची मोजणी नेमकी २५ आली. `np.percentile` पंचविसाव्या आणि सव्विसाव्या आकड्याच्या मध्ये अंदाजाने जागा ठरवतं आणि उत्तर देतं ६२.७. हा आकडा वहीत नाही, एकाही फेरनमुन्यात नाही, तरी दशांश चिन्हामुळे तो फार अचूक वाटतो. विषम नोंदींच्या मध्यकाच्या पट्ट्यात असा मधलाच आकडा दिसला की समजावं, रेघ पायरीच्या काठावर पडली आहे.

मग कोणता पट्टा लिहायचा?

दोन पट्ट्यांतला फरक चवीचा नाही. खऱ्या मध्यकाच्या खाली आणि वर निम्मे-निम्मे टँकर असतात, एवढ्या एका गोष्टीवरून प्रत्येक पट्ट्याची खरी खात्री काढता येते. खरा मध्यक चौथ्या आकड्याच्या खाली जायचा, तर १५ पैकी फार तर ३ नोंदी त्याच्या खाली पडलेल्या असाव्या लागतात. १५ नाणी उडवून ३ किंवा कमी छापे येण्याची शक्यता ३२,७६८ पैकी ५७६. दोन्ही बाजू धरून ३.५ टक्के. म्हणून चौथा ते बारावा, म्हणजे ५१ ते १२१, या पट्ट्याची खात्री ९६.५ टक्के. पाचवा ते अकरावा, म्हणजे ६३ ते ९५, याला तोच हिशेब लावला तर ३२,७६८ पैकी १९४१, दोन्ही बाजूंनी ११.८ टक्के, आणि खात्री उरते ८८.२.

हीच ती तिसरी चूक: पहिल्या दिवशीचा पट्टा "९५ टक्के" म्हणून पाठवला गेला, पण त्याची खात्री ८८ च्या घरातली होती. दोन्ही टोकांकडून सारखंच मोजायचं तर १५ नोंदींत या दोन पायऱ्यांच्या मध्ये पायरीच नाही, नेमके ९५ टक्के या यादीतून मिळतच नाहीत. अशा वेळी रुंद पट्टा घ्यावा आणि त्याच्या शेजारी ९६.५ लिहावं. बूटस्ट्रॅप वाईट आहे असा याचा अर्थ नाही. सरासरीसाठी, किंवा शेकड्याने नोंदी असताना मध्यकासाठीसुद्धा, हिस्टोग्रॅम भरलेला असतो आणि पंचविसावा इकडे-तिकडे झाला तरी टोक किंचितच हलतं. थोड्या नोंदी आणि मध्यक, ही जोडी त्याला जड जाते. नोंदी १६ असत्या तर मधल्या दोघांची सरासरी घ्यावी लागली असती, मध्ये आणखी आकडे उगवले असते, आणि हिस्टोग्रॅम दिसायला भरलेला झाला असता. पण ते भरलेपण फार करून दिसण्यापुरतंच असतं. मूळ यादीतली ५१ ते ६३ ची फट त्याने बुजत नाही.

संगणकाची नाणेफेक टाळायची असेल तर पट्टा थेट क्रमांकांवरूनच घ्यावा आणि बूटस्ट्रॅपचा हिस्टोग्रॅम फक्त चित्र म्हणून जोडावा. जोडताना खांब न पाडता प्रत्येक आकड्यावर एक काडी उभी करावी, म्हणजे फटी लपत नाहीत. ५१ आणि १२१ वर तुटक रेघ काढून तिच्याजवळ आकडा छापावा, कोणाला डोळ्यांनी वाचायची वेळच येऊ नये. `default_rng()` च्या कंसात एखादी संख्या टाकली की दोघांचं उत्तर सारखं येतं, भांडण थांबतं. पण तेवढ्याने उत्तर बरोबर ठरत नाही: तो फक्त नाण्याची एक बाजू कायमची चिकटवून टाकण्याचा प्रकार आहे.

आणखी एक गोष्ट हिशेबाबाहेरची, पण वही उघडल्यावर दिसलेली. १५ पैकी दोन नोंदी एकाच दिवसाच्या होत्या, सकाळी एक टँकर आणि दुपारी दुसरा. वाहतूक तुंबलेल्या दिवशी दोन्हींना उशीर होतो, म्हणजे त्या दोन चिठ्ठ्या एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. बूटस्ट्रॅपने आणि वरच्या नाण्यांच्या हिशेबाने, दोघांनीही त्या स्वतंत्र धरल्या आहेत. एकाच दिवसाच्या नोंदी वाढल्या तर दोन्ही पट्टे उगीच अरुंद दिसायला लागतील.

शेवटी ग्रुपवर गेलेला मजकूर असा होता: "१५ नोंदींवरून मध्यक ७४ मिनिटं. ९६.५ टक्के खात्रीचा पट्टा ५१ ते १२१. ६० मिनिटं या पट्ट्यात बसतात, तेव्हा एवढ्या नोंदींवरून तासाभराचा दावा खोटा ठरवता येत नाही." खजिनदारांना ते फारसं आवडलं नाही. ११ गाड्या तासाच्या वर आल्या होत्या, हे त्यांनी पुन्हा सांगितलं. बरोबरच आहे, पण नाणंसुद्धा १५ पैकी ११ किंवा जास्त वेळा आधी ठरवलेल्या एका बाजूला पडतं, शंभरात सहाएक वेळा. दोन्हींपैकी कुठलीही बाजू चालेल असं धरलं, तर बारा वेळा.

मग मुलीनेच विचारलं की टाकी किती वेळात रिकामी होते. उत्तर आलं, टँकरला फोन केल्यापासून साधारण दोन तास. म्हणजे सोसायटीची अडचण मध्यकाची नव्हतीच. दोन तासांच्या वर किती गाड्या गेल्या, ते वहीतच आहे: १२१, १२६, १५०, ३१०. पंधरापैकी चार. आता फोन टाकी रिकामी व्हायला तीन तास उरले असतानाच करायचा असं ठरलं, आणि वॉचमनच्या वहीत "टँकर आला तेव्हा टाकीत किती पाणी होतं" असा एक रकाना वाढला.